पोलीस दारात आले तर : कागद, पंच आणि घरातली बाई
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून बोंडअळीवर आणि कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता थोडा वेळ दुसऱ्या विषयासाठी मागून घेतो. मागच्या बैठकीनंतर तीन गावच्या बायांनी आम्हाला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला होता. रात्री पोलिसांची गाडी आली, घरात पुरुषमाणूस नाही, आणि ते म्हणाले ‘चल ठाण्यावर’, तर जावेच लागते का? त्या वेळी आम्ही उत्तर दिले ते अर्धेमुर्धे होते. त्यानंतर वकिलांकडे बसलो, कायदा वाचला, आणि एका घरचे सगळे कागद पाहिले. आज त्या घराच्या गोष्टीवरूनच उत्तर देतो.

गावाचे नाव सांगत नाही, ठाण्याचेही नाही. घर कोरडवाहूच. सहा एकर, त्यात कापूस आणि ज्वारी. बाईचे वय पंचावन्नच्या आसपास. नवरा वारलेला, एक मुलगा, सून आणि सुनेच्या कडेवर पोर. २०२४ च्या दिवाळीनंतर शेजारच्या शिवारातल्या विहिरीवरची मोटार आणि केबल चोरीला गेली. मोटारीच्या मालकाने तक्रारीत संशय म्हणून या मुलाचे नाव घातले. बांधाचे जुने भांडण होते, हे गावात सगळ्यांना माहीत. मुलगा त्या दिवशी कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर गेला होता. रांग लांब, म्हणून रात्री तिकडेच राहिला.

रात्री नऊला जीप आली. एक जमादार, दोन शिपाई. बाई पोलीस नाही. पुढच्या खोलीत वेचलेल्या कापसाचा ढीग होता, त्यात बुटांसह शिरले आणि काठीने ढोसून पाहिले. ज्वारीची पोती पालथी केली. पेटी उघडली. सुनेला म्हणाले, पदराखाली काय लपवले आहे ते दाखव. तिच्या पदराखाली लेकरू होते. शेवटी वीस-एक फूट जुनी केबल उचलली. ती यांच्याच मोटारीची होती. मग म्हणाले, पोरगा हजर होईपर्यंत म्हातारी आमच्याबरोबर. बाईला जीपमध्ये घातले. रात्री दीड वाजता सोडले, आणि शेजाऱ्याने मोटारसायकलवर घरी आणले. सोडण्याआधी दोन कागदांवर अंगठा घेतला.

आता यात कायदा कुठे कुठे मोडला ते पाहू. आपल्याकडे कायदा म्हटले की जुने आकडे तोंडात असतात, कलम १६०, ४१-अ, ३५३. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. आकडे बदलले. पण आज सांगतो त्यातले बहुतेक हक्क जुनेच आहेत, काही नवे मिळाले आहेत.

पहिली गोष्ट, माणसाला पोलिसांनी ‘चौकशीला’ बोलावणे. चौकशी या शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि पोलीस त्या मुद्दाम एकत्र करतात. एक, तुम्ही साक्षीदार आहात, तुम्हाला काही माहिती असेल म्हणून विचारायचे आहे. दोन, तुमच्यावरच संशय आहे, पण अटक करायची नाही. तीन, अटक. या तिन्हींचे कागद वेगळे आणि तुमचे हक्कही वेगळे. म्हणून गाडी दारात आली की पहिला प्रश्न एकच : साहेब, कागद कोणता आहे? आवाज चढवायचा नाही, अंगावर जायचे नाही, दार अडवायचे नाही. नाहीतर सरकारी कामात अडथळा म्हणून दुसराच गुन्हा गळ्यात पडतो. जुने ३५३, आता न्याय संहितेचे १३२. त्या गुन्ह्यात आपली किती पोरे अडकली आहेत ते तुम्ही जाणताच.

साक्षीदाराला बोलवायचे तर कलम १७९. हेच जुने १६०. हुकूम लेखी हवा, आणि माणूस त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतला हवा. याच कलमात पुढे लिहिले आहे की बाईला तिच्या राहत्या जागेशिवाय दुसरीकडे हजर राहायला सांगता येणार नाही. तसेच पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठ वर्षांवरचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांनाही. याचा अर्थ, या बाईला विचारायचेच होते तर जमादाराने तिच्या ओट्यावर बसून विचारायला हवे होते. ठाण्यात नेण्याचा अधिकार त्याला दिवसाही नव्हता, रात्री तर नाहीच. आणि मुलगा येईपर्यंत आईला ओलीस धरण्याची तरतूद कुठल्याही कायद्यात नाही, जुन्या नाही, नव्या नाही.

हे फक्त गरिबांच्या बाबतीत होते असे समजू नका. ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना १९७७ साली कटकच्या पोलीस ठाण्यात चौकशीला बोलावले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बाईला ठाण्यावर बोलावण्याबद्दल पोलिसांना सुनावले, कारण कलमात ते साफ मना आहे. मुख्यमंत्री राहिलेल्या बाईला हे सोसावे लागले, मग आपल्या काकूला जमादार काय विचारणार!

पण आता खरी मेख ऐका. आम्ही पोलीस अधीक्षकांकडे रजिस्टर पोस्टाने तक्रार केली. काही आठवड्यांनी उत्तर आले : सदर महिला स्वखुशीने ठाण्यात हजर राहिली व तिने जबाब दिला. सोबत कागद, त्यावर तिचा अंगठा. त्या कलम १७९ मध्येच एक पळवाट आहे. माणूस स्वतः राजी असेल तर ठाण्यात येऊ शकतो. जी सवलत तुमच्या सोयीसाठी ठेवली, तिच्यावर रात्री एक वाजता अंगठा घेतला की सगळा बेकायदेशीरपणा धुऊन निघतो. बाईला कागदावर काय लिहिले आहे ते कोणी वाचून दाखवले नाही. तिला वाटले घरी जाण्याचा पास आहे.

स्वखुशी या शब्दाला आपल्या भागात फार जुने दुःख आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या ठाण्यात, एका आदिवासी मुलीला जबाबासाठी रात्री आणले आणि तिच्यावर पोलिसांनीच अत्याचार केला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघाही पोलिसांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती असावी, असा त्या निकालाचा सूर होता. देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या बाईबरोबर संबंध झाला हे सिद्ध झाले आणि ती न्यायालयात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर संमती नव्हती असेच आता न्यायालय धरून चालते. इतका मोठा बदल झाला, पण तो त्या एका गुन्ह्यापुरता. ‘स्वखुशीने हजर राहिली’ या ओळीला असा कायदा नाही. तिथे अंगठाच पुरावा ठरतो.

म्हणून बाईने काय करायचे? दारातच, शेजाऱ्यांच्या देखत, मोठ्याने बोलायचे : मी ठाण्यावर यायला राजी नाही, काय विचारायचे ते इथे विचारा. शेजारची दोन माणसे ऐकायला हवीत. एवढे बोलूनही नेलेच, तर कुठल्याच कागदावर अंगठा द्यायचा नाही. आणि द्यावाच लागला, सही येत असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहायचे : मला रात्री घरून आणले, मी राजी नव्हते. सही येत नसेल तर सकाळी पहिल्या बसने तालुक्याला जाऊन तसाच अर्ज लिहून द्यायचा. या घरी आमच्याकडे यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवसांनी केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही.

जबाबाबद्दल आणखी एक गोष्ट. पोलिसांनी तपासात साक्षीदाराचा जबाब लिहून घेतला, तर त्यावर सांगणाऱ्याची सही घ्यायचीच नाही असे कायदा सांगतो. कलम १८१. पुष्कळ वकिलांच्या कारकुनांनाही हे ठाऊक नसते. जबाबावर सही कर असे कोणी दरडावले की समजावे, एकतर त्याला कायदा माहीत नाही, नाहीतर तो कागद जबाबाचा नाही. पंचनामा, जप्तीची यादी, अटकेचा कागद, नोटिशीची पोहोच, यांवर सह्या असतात. त्या वाचून, आणि कोऱ्या जागेवर रेघ मारून.

विचारले तर बोलायचे का? साक्षीदाराने खरे सांगायला हवे, खोटे तर अजिबात सांगू नये. पण ज्या उत्तराने तो स्वतःच गुन्ह्यात अडकेल ते उत्तर देण्याची सक्ती त्याच्यावर नाही. हे संविधानाच्या कलम २० मध्ये आहे आणि सत्पथींच्या निकालात ठाण्यातल्या चौकशीलाही ते लागू केले आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, हे तुम्ही ऐकले असेल. ते खरे आहे, फक्त त्याला एक मोठे भोक आहे. ‘मी मोटार अमक्या धुऱ्यावर पुरली, चला दाखवतो’ असे आरोपी कोठडीत बोलला आणि तिथे खरोखर मोटार निघाली, तर तेवढे बोलणे पुराव्यात येते. म्हणून तर जप्तीच्या पंचनाम्याला एवढी किंमत. आणि म्हणूनच पंच कोण, हा प्रश्न येतो.

आता झडती. वॉरंटशिवाय झडती होत नाही असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. तपास चालू असेल आणि वेळ घालवला तर वस्तू हाती लागणार नाही असे वाटत असेल, तर कलम १८५ खाली पोलीस वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतात. रात्रीही घेऊ शकतात, झडतीला सूर्यास्ताची अट नाही. पण आधी तपासी अंमलदाराने कारण लिहून ठेवायचे, आणि कुठली वस्तू शोधायची तेही शक्यतो लिहायचे. स्वतः येत नसेल आणि हाताखालच्याला पाठवत असेल, तर त्याच्या हाती लेखी हुकूम द्यायचा. त्यात जागा आणि वस्तू. मोटार शोधायची असेल तर मोटार मावेल अशा जागा पाहायला हव्यात. पाच अश्वशक्तीची मोटार पोस्टाच्या पासबुकात बसत नाही. या घरी पासबुकेसुद्धा झटकून पाहिली होती!

घर उघडून द्यावे लागते, ते नाकारू नका. पण कलम १०३ प्रमाणे झडती सुरू करण्याआधी त्याच वस्तीतले दोन किंवा अधिक तटस्थ, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायला हवेत. तिथले कोणी मिळाले नाही किंवा यायला तयार झाले नाही, तरच दुसरीकडचे. आणि घरमालकाला किंवा त्याच्या वतीने कोणाला झडती चालू असताना हजर राहू द्यायला हवे. काय उचलले आणि कुठून उचलले याची यादी जागेवर करायची, पंचांनी सह्या करायच्या आणि एक प्रत घरच्यांना द्यायची. आमच्या या घरी त्या रात्री पंच नाही, यादी नाही. पुढे दोषारोपपत्रात जी यादी निघाली ती दुसऱ्या दिवशीच्या तारखेची, ‘आरोपीच्या शेतातून केबल जप्त’ अशी. पंच दोघेही तालुक्याच्या गावचे. त्यातल्या एकाची ठाण्यासमोर चहाची टपरी आहे. हा माणूस आणखी किती पंचनाम्यांत आहे ते वकील आता काढत आहेत.

इथे आपलाही दोष सांगायला हवा. गावात पोलीस पंच व्हायला बोलावतात तेव्हा आपण कापूस वेचायचा आहे म्हणून सटकतो. मग तालुक्याचा टपरीवाला पंच होतो. तटस्थ माणसाने पंच व्हावे. लेखी हुकूम देऊन बोलावले आणि विनाकारण नकार दिला तर तो गुन्हाही आहे. मात्र पंचाने डोळ्यांनी पाहिले तेवढ्यावरच सही करावी. ‘वीस फूट’ लिहिले असेल तर मोजून घ्यावे. जागा ‘शेतातून’ लिहिली आणि आपण घरात उभे असू, तर ती ओळ दुरुस्त झाल्याशिवाय पेन उचलू नये. पंचनाम्यात नेहमी एक वाक्य असते की पोलिसांनी व पंचांनी आत जाण्यापूर्वी आपली अंगझडती दिली. ते वाक्य छापल्यासारखे येते. तुम्ही ते खरोखर करून मागा. साहेब, आत जाण्याआधी तुमचे खिसे आणि पिशव्या दाखवा, असे नम्रपणे म्हणावे. बाहेरून काही आत आले नाही याची ती एकच खात्री असते.

नव्या कायद्यात एक चांगली गोष्ट आली आहे. कलम १०५. झडती आणि जप्ती, यादी करणे आणि सह्या घेणे, या सगळ्याचे मोबाईलवर किंवा दुसऱ्या साधनाने चित्रीकरण करायचे, आणि ते विनाविलंब जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. पोलिसांनी करायचे, तुम्ही नव्हे. म्हणून दुसरा प्रश्न पाठ करा : साहेब, चित्रीकरण चालू केले का? नाही म्हणाले तरी विचारल्याचे शेजारी ऐकतात, आणि तेच नंतर साक्षीला उपयोगी पडते.

सुनेला पदर बाजूला करायला सांगितले, त्याबद्दल. अंगझडती घ्यायची तर बाईची झडती दुसऱ्या बाईनेच घ्यायची, आणि सभ्यतेची पूर्ण चाड ठेवून. इतके स्पष्ट शब्द आहेत. पुरुष पोलीस तिथे उभा नको, पुरुष पंचही नको. आडोसा हवा. ही दुसरी बाई पोलीसच असावी असे झडतीच्या कलमात म्हटलेले नाही, गावातली जाणती बाईही चालते. पण अटकेत फरक आहे. बाईला अटक करायची तर तोंडी सांगितले की ती ताब्यात आली असे धरायचे, आणि तिच्या अंगाला हात फक्त महिला पोलिसानेच लावायचा. हात धरून जीपमध्ये चढवणारा पुरुष शिपाई कलम ४३ मोडतो.

त्याच कलमात सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करू नये असे आहे. अगदी अपवादाची परिस्थिती असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची. सीबीआयने एका बाईला रात्री आठच्या सुमारास अटक केली, ती मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली बेकायदा ठरवली. मद्रास उच्च न्यायालयाने मात्र २०२५ मध्ये म्हटले की ही तरतूद मोडली म्हणून प्रत्येक अटक आपोआप रद्द होत नाही, पोलिसाला कारण द्यावे लागेल. म्हणजे नुसते कलम तोंडावर फेकून भागणार नाही. अटक किती वाजता झाली याची नोंद आपल्याकडे हवी. गाडीचा नंबर, वेळ, आणि छातीवरच्या पट्टीवरचे नाव, एवढे तिघांनी लक्षात ठेवून लगेच वहीत लिहावे. नावाची पट्टी लावणे अटक करणाऱ्या पोलिसावर बंधनकारक आहे.

आत ठेवलेल्या बाईला वेगळ्या कोठडीत, महिला शिपायांच्या पहाऱ्यात ठेवायचे आणि तिची चौकशी महिला पोलिसांच्या हजेरीतच करायची, हे १९८३ पासूनचे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आहेत. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा बायांशी बोलून न्यायालयाला पत्र लिहिले. त्यातल्या पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. त्या पत्रावरून हे निर्देश निघाले, आणि ते महाराष्ट्र सरकारलाच दिले होते.

आता मुलाचे काय झाले ते सांगतो. तो दुसऱ्या दिवशी घाबरून नांदेडला मावशीकडे पळणार होता. आम्ही आधी भेटलो असतो तर पळू नको हेच सांगितले असते, पण सुदैवाने तो पळाला नाही. चोरीसारख्या, सात वर्षांपर्यंतच शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी लगेच अटक न करता कलम ३५ ची नोटीस द्यावी हा नेम आहे. जुने ४१-अ. त्याला नोटीस मिळाली. ती त्याने घेतली, पोहोच दिली, दिलेल्या तारखेला वकिलासह हजर झाला. नोटिशीप्रमाणे वागणाऱ्याला पोलीस सहसा अटक करू शकत नाहीत. करायचीच तर कारणे लिहावी लागतात. नोटीस चुकवली की मात्र अटकेला निमित्त मिळते. व्हॉट्सअपवर पाठवलेली नोटीस नियमाप्रमाणे बजावलेली धरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले. तरी मोबाईलवर आली तर दडवू नका, वकिलाला दाखवा.

अटक झालीच, तर अटकेच्या कागदावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष हवी, घरी कळवायला हवे, चौकशी चालू असताना वकिलाला भेटू द्यायला हवे, डॉक्टरी तपासणी व्हायला हवी. बाईची तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करायला हवे. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की अटकेची कारणे आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी द्यायची. लगेच जमले नाही तर तोंडी सांगून, निदान न्यायालयापुढे नेण्याच्या दोन तास आधी तरी. ती मराठीत मागा.

माणूस ठाण्यात नेला आणि पोलीस म्हणतात आमच्याकडे नाहीच, असे झाले तर? हेच सर्वांत धोक्याचे. अशा वेळी मुंबई-नागपूरला धावण्याआधी तालुक्याचे न्यायालय किंवा उपविभागीय दंडाधिकारी पाहा. बेकायदा अडकवून ठेवलेल्या माणसाला शोधून हजर करण्याचे वॉरंट ते कलम १०० खाली काढू शकतात. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला आणि कोठडीतल्या कोणालाही वकील फुकट मिळतो, बाईच्या बाबतीत उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. फोन १५१००.

झडती बेकायदा ठरली की सगळा खटलाच पडतो, असे मात्र कोणी तुम्हाला सांगितले तर विश्वास ठेवू नका. न्यायालये म्हणतात, झडतीत चूक झाली तरी सापडलेली वस्तू पुराव्यातून आपोआप बाद होत नाही, फक्त तो पुरावा अधिक बारकाईने तपासला जातो. त्या बारकाईला खाद्य आपणच पुरवायचे, ते कागदांनी. त्यातला एक कागद फार थोडे लोक मागतात. वॉरंटशिवाय झडती घेतली की पोलिसांनी कारणांची नोंद अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायची असते, आणि घरमालकाने अर्ज केला तर तिची नक्कल त्याला फुकट मिळते. अर्जाचा मजकूर उतरवून घ्या :

‘मा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांस. अर्जदार अमुक, राहणार अमुक. दिनांक अमुक रोजी इतक्या वाजता अमुक पोलीस ठाण्याच्या अंमलदारांनी माझ्या राहत्या घराची झडती घेतली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ पोटकलम ५ प्रमाणे आपणांकडे आलेल्या नोंदीची नक्कल मला विनाशुल्क मिळावी. तसेच कलम १०५ प्रमाणे सदर झडतीचे चित्रीकरण आपणांकडे आले आहे किंवा नाही ते कळवावे.’

दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का मारून घ्या. त्या माउलीने हाच अर्ज दिला होता, आणि खाली अंगठ्याऐवजी सुनेकडून शिकलेली सही केली होती. न्यायालयातून एका ओळीचे उत्तर आले की नमूद तारखेची अशी कोणतीही नोंद प्राप्त झालेली नाही. वकिलांनी तो कागद फायलीत सगळ्यात वर लावला आहे. खटल्याची पुढची तारीख अजून लागायची आहे.